फायनल बिलातली कपात नेमकी कोणी सोसायची?

कॅशलेस उपचारांत रुग्ण घरी जायला निघतो तेव्हा तीन आकडे समोर असतात. दाखल होण्याआधी रुग्णालयाने सांगितलेली पॅकेजची रक्कम, डिस्चार्जच्या दिवशीचे फायनल बिल आणि विमा कंपनीने मंजूर केलेली रक्कम. हे तिन्ही आकडे क्वचितच जुळतात. बिलातून मंजूर रक्कम वजा करून जे उरते ते बिलिंग काउंटरवर ‘पेशंटचा शेअर’ म्हणून सांगितले जाते, आणि घरी जाण्याच्या घाईत ते बहुधा निमूटपणे भरले जाते. पण विमा कंपनीने नाकारलेला प्रत्येक रुपया रुग्णानेच द्यायचा असतो असे नाही. त्यातला काही रुग्णाचा असतो, काही रुग्णालयाने सोसायचा असतो आणि काही फक्त एखादा कागद न पोचल्यामुळे अडलेला असतो. बिल तपासायचे म्हणजे कपातीची प्रत्येक ओळ या तिन्हींपैकी कुठे बसते ते ठरवायचे.

या कामाला चार कागद लागतात. पहिला पॅकेजचा लेखी अंदाज. त्यात खोलीचा प्रकार, किती दिवस धरले आहेत, काय समाविष्ट आहे आणि काय नाही, हे लिहिलेले असले पाहिजे. तोंडी सांगितलेला आकडा वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही. दुसरा कागद म्हणजे तपशीलवार बिल. बिलिंग विभाग आधी एक पानी गोषवारा हातात देतो. त्यात ‘फार्मसी’, ‘कन्झ्युमेबल्स’, ‘इतर’ अशा मोठ्या रकमा असतात आणि त्यावरून काहीच तपासता येत नाही. प्रत्येक वस्तूचे नाव, तारीख, नग आणि दर असलेला ‘आयटमवाइज ब्रेकअप’, त्यातही औषधांच्या परतीसह, मागून घ्यावा लागतो. तिसरा कागद विमा कंपनीचे किंवा तिच्या वतीने काम पाहणाऱ्या टीपीएचे अंतिम मंजुरीपत्र. चौथी स्वतःची पॉलिसी, तिच्यातल्या मर्यादांच्या पानासह.

यांपैकी मंजुरीपत्र सर्वांत कमी वाचले जाते. खरे तर सर्वाधिक माहिती त्यातच असते. दाखल होताना येते ते पहिले मंजुरीपत्र अंदाजावर आधारलेले असते आणि त्यातली रक्कम बहुतेक वेळा अपुरीच असते, म्हणून तिच्यावरून निष्कर्ष काढू नये. डिस्चार्जच्या वेळचे अंतिम पत्र महत्त्वाचे. त्यात एकूण बिल, रुग्णालयाने दिलेली सवलत, इतर कपाती, को-पे, मंजूर रक्कम आणि विमाधारकाने भरायची रक्कम अशा वेगवेगळ्या ओळी असतात. नेटवर्क रुग्णालयाशी विमा कंपनीने ठरवलेला दर, म्हणजे ‘ॲग्रीड टॅरिफ’, हाही तिथे नोंदवलेला असतो. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरांत अटी छापलेल्या असतात. विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित नमुन्यात त्यांतली एक अट अशी आहे की ठरलेल्या पॅकेज दरापेक्षा जास्त रक्कम रुग्णालयाने विमाधारकाकडून घेऊ नये. पॉलिसीत न बसणारे खर्च आणि रुग्णाने स्वतः निवडलेल्या वरच्या खोलीचा फरक तेवढा अपवाद. तशी वसुली झालीच तर ती रुग्णालयाकडून परत मिळवून विमाधारकाला देण्याचा हक्क विमा कंपनी त्याच पत्रात राखून ठेवते. काउंटरवर हेच वाक्य बोट ठेवून दाखवता येते.

पॉलिसीत न बसणारे खर्च कोणते हे ठरवण्यासाठी आयआरडीएआयने वस्तूंच्या चार याद्या केल्या आहेत. बहुतेक पॉलिसींच्या शेवटी परिशिष्ट म्हणून त्या छापलेल्या असतात. पहिल्या यादीत 68 बाबी आहेत आणि त्यांचे पैसे विमा कंपनी सहसा देत नाही. हातमोजे, मास्क, डायपर, क्रेप बँडेज, पोटाचा पट्टा, नेब्युलायझर किट, शिरेत बसवायची ‘व्हॅसोफिक्स’ सुई, सोबतच्या माणसाचे जेवण, टेलिफोन, कागदांच्या झेरॉक्सचे पैसे, आत काय आहे हे न सांगता लावलेले कोणतेही ‘किट’ अशा गोष्टी तिथे आहेत. हा खर्च रुग्णाचा. मात्र पॉलिसीबरोबर कन्झ्युमेबल्सचे जादा संरक्षण घेतले असेल तर याच बाबी देय ठरतात. म्हणून ही कपात मान्य करण्याआधी पॉलिसीच्या पहिल्या पानावर ते संरक्षण आहे का, एवढे पाहून घ्यावे.

उरलेल्या तीन याद्यांचा अर्थ अगदी वेगळा आहे आणि गोंधळ होतो तो इथेच. दुसऱ्या यादीतल्या बाबी खोलीभाड्यात धरलेल्या असतात: धुतलेली चादर, ब्लँकेट, ॲडमिशन किट, फाइल उघडण्याचे व कागदपत्रांचे शुल्क, डिस्चार्ज प्रक्रियेचे शुल्क, हाउसकीपिंग. तिसऱ्या यादीतल्या बाबी शस्त्रक्रियेच्या आकारात येतात: कापूस, गॉज, चिकटपट्टी, सर्जिकल ब्लेड, कॅमेरा कव्हर, हार्मोनिक स्काल्पेल, थिएटर बुकिंगचे पैसे. चौथीतल्या बाबी, उदाहरणार्थ नोंदणी शुल्क, स्पिरिट, अल्कोहोल स्वॅब, इन्फ्यूजन पंप, युरिन बॅग, उपचाराच्या एकूण खर्चात सामावलेल्या असतात. या बाबी रुग्णाने वेगळ्या द्याव्यात असा त्याचा अर्थ होत नाही. त्यांचे पैसे खोली, शस्त्रक्रिया किंवा उपचार यांच्या दरातून आधीच मिळालेले असल्याने त्या वेगळ्या लावायच्याच नसतात. विमा कंपनीच्या पत्रात मात्र पहिल्या यादीतले हातमोजे आणि तिसऱ्या यादीतला कापूस दोन्ही ‘नॉन-मेडिकल’ किंवा ‘नॉन-पेएबल’ या एकाच शेऱ्याखाली येतात आणि काउंटरवर त्यांची एकच बेरीज होते.

हिशेब कसा उलगडतो ते एका उदाहरणावरून पाहू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, बिलाची घडण मात्र नेहमी दिसते तशीच आहे. एका महिलेची पित्ताशय काढण्याची लॅपरोस्कोपिक शस्त्रक्रिया नेटवर्क रुग्णालयात ठरली. दोन खाटांच्या खोलीसाठी पॅकेज 85,000 रुपये. त्यात दोन दिवसांची खोली, नर्सिंग, सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, थिएटरमधले सगळे कन्झ्युमेबल्स आणि त्या दोन दिवसांची औषधे धरलेली. काढलेल्या पित्ताशयाची हिस्टोपॅथॉलॉजी, इतर तपासण्या आणि वाढीव दिवस पॅकेजच्या बाहेर. पॉलिसीत को-पे नाही, खोली मर्यादेत बसते, कन्झ्युमेबल्सचे जादा संरक्षण नाही. दाखल होताना 10,000 रुपये डिपॉझिट भरले. शस्त्रक्रियेनंतर ताप आल्याने मुक्काम एका दिवसाने वाढला.

फायनल बिल आले 1,11,600 रुपयांचे. पॅकेज 85,000, तिसऱ्या दिवसाची खोली, नर्सिंग आणि डॉक्टरांच्या भेटी मिळून 6,600, तापासाठी दिलेली औषधे 5,850, तपासण्या 4,200, त्यात हिस्टोपॅथॉलॉजीचे 1,800, कन्झ्युमेबल्स 7,250, नोंदणी, कागदपत्रे व ॲडमिशन किट यांचे 1,800, आणि सोबत राहिलेल्या मुलीच्या जेवणाचे 900. विमा कंपनीने 94,850 मंजूर केले. फरक 16,750. डिपॉझिट वळते करून आणखी 6,750 रुपये भरा, असे काउंटरवरून सांगण्यात आले.

मंजुरीपत्रात या 16,750 च्या पाच ओळी होत्या. पहिली, ‘टॅरिफप्रमाणे’ 5,000. रुग्णालयाने पॅकेज 85,000 चे लावले, पण त्याच खोलीसाठी विमा कंपनीशी ठरलेला दर होता 80,000. रुग्णाला सांगितलेला दर आणि विमा कंपनीशी ठरलेला दर वेगळे असणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. रुग्ण कॅशलेसवर असेल तर लागू होतो तो ठरलेला दर, आणि हा फरक रुग्णालयाचा. पत्रातली वरची अट थेट याच रकमेबद्दल आहे.

दुसरी ओळ कन्झ्युमेबल्सच्या 7,250 ची, सगळी ‘नॉन-मेडिकल’ म्हणून नाकारलेली. फार्मसीच्या ब्रेकअपमध्ये ती उघडली की आत निरनिराळ्या गोष्टी दिसतात. गॉज, कापूस, चिकटपट्टी आणि ब्लेड 1,300, कॅमेरा कव्हर 900, हार्मोनिकचे 2,500: एकूण 4,700 रुपयांच्या या बाबी तिसऱ्या यादीतल्या, शिवाय थिएटरमधल्या, म्हणजे पॅकेजमध्येही मोडणाऱ्या. त्या रुग्णालयाने सोसायच्या. हातमोजे आणि मास्क यांचे 1,450 जरा बारकाईने पाहावे लागतात, कारण ते पहिल्या यादीत असल्याने वरवर रुग्णाचेच वाटतात. फार्मसीच्या प्रत्येक नोंदीपुढे माल कोणत्या विभागाला दिला ते लिहिलेले असते. त्यांपैकी 950 रुपयांचा माल शस्त्रक्रियेच्या दिवशी ‘ओटी’च्या नावावर गेला होता आणि 500 चा नंतर वॉर्डमध्ये. विमा कंपनी हातमोज्यांचे पैसे देत नाही हे खरे, पण थिएटरमधले कन्झ्युमेबल्स पॅकेजमध्ये आहेत असे रुग्णालयानेच लिहून दिले आहे. तेव्हा 950 रुग्णालयाचे आणि 500 रुग्णाचे. व्हॅसोफिक्सचे 300 आणि घरी नेलेल्या पोटाच्या पट्ट्याचे 800 हेही रुग्णाचे.

तिसरी ओळ नोंदणी, कागदपत्रे आणि ॲडमिशन किटच्या 1,800 ची. या तिन्ही बाबी दुसऱ्या व चौथ्या यादीत असल्याने त्या रुग्णालयाकडे जातात. चौथी ओळ मुलीच्या जेवणाचे 900, त्याबद्दल वाद नाही. ते कुटुंबाने द्यायचे.

पाचव्या ओळीत हिस्टोपॅथॉलॉजीचे 1,800 नाकारले होते. कारण दिले होते, ‘रिपोर्ट जोडलेला नाही’. हा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी तो नसणे साहजिक आहे. ही तपासणी पॅकेजबाहेर असल्याने रुग्णालयाची मागणी योग्य ठरते आणि पैसे तेव्हा भरावे लागतात. पण कपात कायमची नाही. रिपोर्ट हातात आला की तो, मूळ पावती आणि मंजुरीपत्राची प्रत जोडून ही रक्कम विमा कंपनीकडून मागून घेता येते. ‘रिपोर्ट नाही’, ‘प्रिस्क्रिप्शन नाही’, ‘इम्प्लांटचे स्टिकर नाही’ अशा शेऱ्यांच्या कपाती बहुतेक याच जातीच्या असतात. पॉलिसीत दाव्यासाठी दिलेली मुदत मात्र सांभाळावी लागते.

आता बेरीज. रुग्णालयाने सोसायचे 5,000, 4,700, 950 आणि 1,800 मिळून 12,450. रुग्णाचे 500, 300, 800 आणि 900 मिळून 2,500. नंतर मिळणारे 1,800. म्हणजे डिस्चार्जच्या वेळी भरायचे होते 4,300 रुपये, आणि डिपॉझिटमधून 5,700 परत मिळायला हवे होते. काउंटरवर मागितले जात होते त्याच्या अगदी उलट.

मंजूर झालेला भागही डोळे झाकून सोडू नये. या बिलातली तापाची औषधे विमा कंपनीने पूर्ण मान्य केली, तरी वॉर्डमध्ये मागवलेल्या इंजेक्शनांपैकी न वापरलेली फार्मसीला परत गेली का आणि त्यांचे पैसे वजा झाले का, हे डिस्चार्ज समरीतले दिवस आणि डोस पाहून कळते. दिवसाला दोन याप्रमाणे तीन दिवस दिलेल्या इंजेक्शनच्या बिलात दहा व्हायल दिसल्या तर चारांचा हिशेब मागावा. ते पैसे विमा कंपनीचे म्हणून गप्प बसण्यात तोटा असा की वर्षभरासाठीची विमा रक्कम तेवढी कमी होते, आणि को-पे असेल तर त्या जादा रकमेतला वाटा रुग्णाच्याच खिशातून जातो. याच तऱ्हेने पॅकेजमधल्या दोन दिवसांची खोली किंवा डॉक्टरांची भेट पुन्हा वेगळी लावली आहे का, हे तारखा पाहून तपासता येते. मुक्काम वाढलेल्या बिलात ही चूक विशेषतः सापडते, कारण पॅकेज कोणत्या तारखेला संपले हे बिल करणाऱ्याने नीट धरलेले नसते.

वरच्या उदाहरणात खोली मर्यादेत होती. ती तशी नसेल तर कपातीचे गणित बदलते आणि एकूण बिलातली सर्वांत मोठी कपात बहुधा याच एका ओळीत असते. समजा पॅकेज नाही, पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 5,000 आहे आणि रुग्ण 7,500 च्या खोलीत तीन दिवस राहिला. रोजचे 2,500 म्हणजे 7,500 रुपये तर त्याचे जातातच. शिवाय पात्र खोली आणि घेतलेली खोली यांचे प्रमाण दोन-तृतीयांश असल्याने, खोलीच्या दर्जानुसार ज्यांचे दर चढतात ते आकारही विमा कंपनी दोन-तृतीयांशच देते. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर आणि भेटी यांचे 60,000 झाले असतील तर 40,000 मिळतात आणि 20,000 रुग्णावर येतात. खोलीत वाचवले असते तर हे 20,000 वाचले असते, आणि ही गोष्ट दाखल होताना फारच थोड्यांना सांगितली जाते.

पण या प्रमाणशीर कपातीला कुंपण आहे. आयआरडीएआयने 2020 मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार औषधे व कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणे आणि निदानाच्या तपासण्या यांना ती लावता येत नाही. आयसीयूच्या आकारालाही लावता येत नाही. जे रुग्णालय सगळ्या खोल्यांना डॉक्टरांचे आणि थिएटरचे दर एकच ठेवते तिथे ती मुळीच लागू होत नाही. याच उदाहरणात औषधे आणि तपासण्यांचे 30,000 असतील आणि त्यांतूनही एक-तृतीयांश कापले गेले असेल, तर 10,000 रुपयांची ती कपात चुकीची. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: एकूण कपातीला संपूर्ण बिलाने भागल्यावर तेच प्रमाण निघाले, तर सरसकट कात्री लावली आहे. ही चूक विमा कंपनीची असते आणि तिची दुरुस्ती रुग्णालय करू शकत नाही, म्हणून काउंटरवर वाद न घालता थेट कंपनीला लिहावे.

काही कपाती मात्र तपासूनही टिकतात. पॉलिसीत लिहिलेला को-पे त्यातलाच. 2020 साली आलेल्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत प्रत्येक दाव्यातला 5 टक्के भाग विमाधारकाचा असतो. त्याच पॉलिसीत मोतीबिंदूसाठी एका डोळ्यामागे विमा रकमेच्या 25 टक्के किंवा 40,000 रुपये, यांतली कमी असेल ती मर्यादा आहे, आणि भारी लेन्स निवडली की वरचा खर्च रुग्णाचा. आयसीयू वगळता दिवसाला 5,000 रुपयांहून महाग असलेल्या खोलीवर जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटीही लागू झाला. खोलीची मर्यादा ओलांडली तर त्या करातलाही वाटा रुग्णावर येऊ शकतो. नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयात विमा कंपनीशी ठरलेला दरच नसतो. तिथे जानेवारी 2024 पासून कॅशलेस मिळू लागले असले, तरी टॅरिफच्या फरकाचा बोजा रुग्णालयावर टाकण्याचा आधार कमजोर पडतो. अशा ठिकाणी लेखी पॅकेज हाच मुख्य पुरावा राहतो.

तपासणीला वेळ मिळत नाही ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. अंतरिम बिल रोज किंवा एक दिवसाआड मागून घेतले तर शेवटच्या दिवशी फक्त नव्या ओळी पाहाव्या लागतात. आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची आहे, आणि तिला उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा आहे. मंजुरीची वाट पाहायचे हे तास ब्रेकअप वाचण्यासाठीच वापरावेत. मंजुरीपत्र आल्यावर टीपीए डेस्कवर कपातीच्या ओळी आणि त्यांवरचे आक्षेप एका कागदावर लिहून द्यावेत. टॅरिफच्या फरकाची आणि तिसऱ्या यादीतल्या बाबींची रक्कम पुष्कळदा तिथल्या तिथे सुटते, कारण डेस्कवरच्या माणसाला अटी ठाऊक असतात. सुटली नाही आणि घरी जाणे गरजेचे असेल, तर पैसे भरताना पावतीवर किंवा सोबतच्या अर्जावर ‘आक्षेप राखून’ असे लिहून पोच घ्यावी.

त्यानंतरचा रस्ता विमा कंपनीकडे जातो. त्याच परिपत्रकानुसार दाव्याचा काही भाग नाकारला तर पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली तो नाकारला, हे कंपनीने कळवायला हवे. म्हणून तक्रारीत ‘खूप पैसे कापले’ असे न लिहिता ओळ, रक्कम, यादी किंवा कलम आणि मागणी एवढेच लिहावे. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर करता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी वकील लागत नाही, शुल्कही नाही. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला लोकपालाची कार्यालये आहेत, गोव्याच्या तक्रारी पुण्याकडे येतात. लोकपालाचा अधिकार विमा कंपनीवर चालतो, रुग्णालयावर नाही. त्यामुळे रुग्णालयाने घेतलेल्या जादा रकमेची तक्रारही आधी कंपनीकडेच, मंजुरीपत्रातल्या त्या अटीचा हवाला देऊन, परतावा मिळवून देण्याच्या मागणीसह करावी लागते.